एकेचाळीस दिवस उघडा राहिलेला 445

धरमपेठेत लक्ष्मीभवन चौकाच्या अलीकडे माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. आम्ही सहा माणसं, सहा कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. अशिलांची सगळी कागदपत्रं एकाच कॉम्प्युटरवर, `Clients` नावाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतात. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं, जुनी रिटर्न, सगळं तिथंच. बाकीचे पाच जण आपापल्या जागेवरून ते फोल्डर उघडतात.

२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी रातोरात वस्तीत शिरलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. आमच्या ऑफिसात पाणी घोटाभर आलं. कॉम्प्युटर टेबलांवर होते म्हणून वाचले, पण पुढचे चार दिवस तिथं बसून काम होणं शक्य नव्हतं. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरची. चिखलातून वाट काढत मी पेन ड्राइव्हवर फायली भरून मनीषनगरला घरी नेत होतो आणि रात्री केलेलं काम सकाळी परत आणून टाकत होतो. एका अशिलाच्या दोन वेगवेगळ्या ताळेबंदांपैकी खरा कोणता, हे ओळखण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी हे फोल्डर घरून उघडता आलं पाहिजे.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा, म्हणजे २०२४ च्या ७ जूनला, मी ते केलं. इंटरनेट कंपनीकडून महिन्याला थोडे जास्त पैसे भरून ऑफिसला कायमचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, आधीच घेतलेला होता. एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे राउटरच्या पानावर गेलो, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरून येणारा TCP 445 आतल्या 192.168.1.10 या कॉम्प्युटरकडे वळवला. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरवरचं क्रमांक दिलेलं दार, आणि विंडोजचं फाइल शेअरिंग याच दारावर चालतं. घरी येऊन पाहिलं तर उघडेना. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत कोणीतरी उपाय लिहून ठेवला होता: विंडोज फायरवॉलमध्ये `File and Printer Sharing (SMB-In)` या नियमाच्या `Scope` टॅबवर जायचं आणि `Remote IP address` खाली `Any IP address` निवडायचं. दुसऱ्या दिवशी तेही केलं. रात्री घरून एक्सप्लोररच्या पट्टीत ऑफिसचा पत्ता टाकला, युजरनेम-पासवर्ड दिला आणि फोल्डर समोर आलं. बायकोला बोलावून दाखवलं. मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

त्या `Scope` मध्ये आधी काय लिहिलेलं होतं हे मी वाचलंसुद्धा नाही. तिथं `Local subnet` होतं. म्हणजे आपल्याच ऑफिसच्या जाळ्यातून आलेल्यालाच आत घ्यायचं, बाकी कोणाला नाही. विंडोज बनवणाऱ्यांनी ही कडी मुळातच लावून ठेवली होती, ती मी हातानं काढली.

१८ जुलै, गुरुवार. रिटर्नची मुदत ३१ तारखेची, त्यामुळे ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सकाळी साडेदहाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "सर, फोल्डर उघडून नाही राहिलं." मी माझ्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर माझं व्यवस्थित चालू. त्यांच्या पडद्यावर मात्र हे होतं:

```
The referenced account is currently locked out
and may not be logged on to.
```

दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप उघडलं. अकराला दुसरा मुलगा आला, त्याचंही तेच. गंमत अशी की वेळेवर आलेल्यांचं चालू होतं आणि उशिरा येणाऱ्यांचंच अडत होतं. शिकाऊ मुलांनी तर सरांनी हजेरीसाठी काहीतरी बसवलंय, असंच समजून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत मी माझा कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि मीही बाहेर.

कारण नंतर समजलं, पण इथंच सांगून टाकतो. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे तो मी आदल्या वर्षी नवीन घेतलेला. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नव्या कॉम्प्युटरवर एक सोय मुळातच चालू येते: दहा वेळा पासवर्ड चुकला की ते खातं दहा मिनिटं कुलूपबंद होतं. आम्ही सहाही जण फोल्डर उघडायला `office` नावाचं एकच खातं वापरत होतो. जे आधीच जोडले गेले होते त्यांचं काम सुरू राहिलं, नव्यानं जोडू पाहणाऱ्याला मात्र नकार. म्हणजे दर थोड्या वेळानं कोणीतरी `office` या नावानं चुकीचे पासवर्ड टाकत होतं. आमच्यापैकी कोणी नाही.

माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो. त्याला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, राउटरवर काही उघडलं का तुम्ही?" मी 445 म्हटलं. पलीकडे काही सेकंद आवाजच नाही. मग म्हणाला, "आधी तो नियम काढा. आत्ता. फोन चालू ठेवूनच काढा. मी संध्याकाळी येतो."

संध्याकाळी भर पावसात आला. चहासुद्धा न घेता त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडला, `Security` चा लॉग काढला आणि 4625 क्रमांकाच्या नोंदी गाळून समोर ठेवल्या. 4625 म्हणजे फसलेला लॉगिन. ही नोंद प्रत्येक कॉम्प्युटरवर चालू असेलच असं नाही. आमच्याकडे होती. पान सरकवत गेलो तर संपेचना. तासाला चारशे-साडेचारशे नोंदी, रात्रंदिवस. प्रत्येकीत `Logon Type: 3`, म्हणजे समोर बसून नाही तर नेटवर्कवरून केलेला प्रयत्न. `Source Network Address` मध्ये कुठलेकुठले परके पत्ते. `Account Name` च्या रकान्यात `administrator`, `admin`, `user`, `test`, `scan`, `backup`, आणि मधूनमधून `office`. आमचं नाव कोणी फोडलं नव्हतं, ते इतकं सरळ होतं की त्यांच्या यादीतच असणार.

"यांना आपलं ऑफिस सापडलं कसं?" मी विचारलं.

"तुम्हाला कोणी शोधत नव्हतं मामा. इंटरनेटवरचे आकड्यांतले पत्ते मोजकेच, चार अब्जांच्या आसपास. त्यातल्या एकेकाला 445 वर ठोकून बघणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. ज्यानं दार उघडलं त्याची नोंद झाली."

मी म्हणालो, पासवर्ड चांगला बारा अक्षरांचा आहे, दहा चुकांनंतर कुलूपही पडतं, मग नेमकं बिघडलं काय? त्यावर त्यानं जे सांगितलं ते मला जास्त लागलं. पासवर्ड ही त्या दारावरची दुसरी पायरी. पहिल्या पायरीवर समोरचा कोण हे माहीत नसतानाच कॉम्प्युटर त्याच्याशी बोलायला लागतो: मी कुठल्या पद्धतीनं बोलतो, माझं नाव काय, माझं विंडोज कुठल्या आवृत्तीचं. हे सगळं लॉगिनच्या आधी. त्या बोलण्याच्या कोडमध्येच चूक निघाली तर पासवर्डाचा प्रश्नच येत नाही. २०१७ च्या १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला तो असाच. 445 वर चालणाऱ्या फाइल शेअरिंगच्या बोलीच्या, म्हणजे एसएमबीच्या, जुन्या आवृत्तीतल्या चुकीतून तो आत शिरायचा, फायली कुलूपबंद करायचा आणि तिथून शेजारच्या कॉम्प्युटरवर जायचा. कोणी लिंकवर क्लिक केली नव्हती की पासवर्ड सांगितला नव्हता. मायक्रोसॉफ्टनं ती चूक बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच दिला होता, दोन महिने आधी. ज्यांनी टाकला नाही ते अडकले. २०२० च्या मार्चमध्ये नव्या आवृत्तीतही तशीच लॉगिनआधीची चूक निघाली. पुढची केव्हा निघेल ते सांगता येत नाही, आणि निघेल त्या दिवशी आपला 445 बाहेर तोंड करून असता कामा नये, इतकंच आपल्या हातात.

मग त्यानं खरा प्रश्न काढला, कोणी आत शिरलं होतं का? त्यासाठी 4624 बघायच्या, म्हणजे यशस्वी लॉगिन. त्यातल्या `Logon Type: 3` च्या नोंदी, ज्यांचा पत्ता आपल्या जाळ्यातला नाही. पहिलीच समोर आली आणि माझ्या पोटात गोळा आला. परका पत्ता, आणि लॉगिन यशस्वी. भाच्यानं नाव दाखवलं: `ANONYMOUS LOGON`. ही बिननावाची जोडणी, चौकशी करणारे प्रोग्राम ती करून पाहतात, नुसत्या तेवढ्यानं आमचं फोल्डर उघडत नाही. तशा पुष्कळ होत्या. `office` नावाच्या नोंदींमध्ये बाहेरचा एकच पत्ता होता, माझ्या घरचा.

मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात त्यानं लॉगची सर्वांत जुनी नोंद दाखवली. १५ जुलै. या लॉगला मुळात २० एमबीची मर्यादा असते. ती भरली की नवी नोंद जुनीच्या जागी बसते. एरवी त्यात महिनोनमहिने मावले असते, पण तासाला साडेचारशेच्या लोंढ्यानं तो तीन दिवसांत भरून वाहत होता. पोर्ट उघडा होता एकेचाळीस दिवस. त्यातल्या अडतीस दिवसांत काय झालं हे सांगणारं काही शिल्लक नव्हतं, आणि ते पुसायला कोणाला आत यावंही लागलं नव्हतं. ठोकणाऱ्यांच्या गर्दीनंच ते पुसलं.

म्हणून आम्ही घडलंच आहे असं धरून चाललो. `office` खातं काढून प्रत्येकाला वेगळं खातं आणि नवा पासवर्ड दिला. कॉम्प्युटरवर अनोळखी खातं, नवी सर्व्हिस किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम आहे का ते पाहिलं. सापडलं नाही. तरी विंडोज नव्यानं टाकलं आणि फायली मे महिन्यात काढलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरून आणल्या. जून-जुलैच्या तेवढ्या चालू डिस्कवरून, तपासून. रिटर्नच्या ऐन घाईत हे दीड दिवसाचं काम होतं आणि त्या दीड दिवसाबद्दल ऑफिसात कोणी मला बोललं नाही, पण बघत होते.

मुदत आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये, भाचा एका रविवारी तर्री-पोहे बांधून घेऊन आला आणि आम्ही व्हीपीएनला, म्हणजे घरून ऑफिसच्या जाळ्यात नेणाऱ्या बंदिस्त बोगद्याला, हात घातला. मी आधीच शंका काढली, "व्हीपीएनलाही एक पोर्ट उघडावा लागतोच ना? मग फरक काय?"

फरक उत्तर देण्यात आहे. आम्ही वायरगार्ड नावाचं व्हीपीएन वापरायचं ठरवलं. ते UDP 51820 वर ऐकतं. प्रत्येक लॅपटॉपची किल्ल्यांची एक जोडी असते, एक खासगी आणि एक सार्वजनिक. ऑफिसच्या बाजूला कोणत्या सार्वजनिक किल्ल्या आपल्या, याची यादी असते. ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या डेटाच्या पाकिटाला वायरगार्ड कसलंच उत्तर देत नाही, "पासवर्ड चुकला" असंही नाही. ठोकणाऱ्याला तिथं काही आहे की नाही हेच कळत नाही. 445 मात्र कोणीही ठोकलं की नाव-गाव सांगायला उठून बसतो. शिवाय अंदाजानं ओळखावा असा पासवर्ड इथं नाहीच. चूक याही कोडमध्ये निघू शकते, भाच्यानं ते लपवलं नाही. पण अनोळखी माणसासमोर येणारा त्याचा भाग फाइल शेअरिंगच्या मानानं फारच छोटा.

जुन्या राउटरला वायरगार्ड येत नव्हतं, म्हणून येणारा नवा घेतला. बसवण्याआधी भाच्यानं माझ्या घरच्या राउटरचा आतला पत्ता विचारला. 192.168.1.1. ऑफिसचाही तोच. "इथं भले भले अडकतात," तो म्हणाला. घरी बसून मी 192.168.1.10 मागितला तर लॅपटॉप तो घरातच शोधणार, ऑफिसकडे जाणारच नाही. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, फोल्डर मात्र सापडत नाही, आणि माणूस दिवसभर किल्ल्या तपासत बसतो. दोन्हीकडची आकडेमाळ वेगळी पाहिजे. म्हणून ऑफिसचं जाळं 192.168.77.x केलं.

त्याची किंमत सोमवारी मोजली. प्रिंटरला जुना पत्ता हातानं दिलेला होता, तो बदलेपर्यंत एकही कागद निघाला नाही. वर ऑफिसच्या आतसुद्धा फोल्डर उघडेना. नवा राउटर दिसल्यावर विंडोजनं ते अनोळखी जाळं समजून स्वतःला `Public network` करून घेतलं होतं आणि शेअरिंग आवरून ठेवलं होतं. फोल्डरच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन `Private network` केल्यावर सुरू झालं.

लॅपटॉपवर वायरगार्डचा प्रोग्राम टाकला, त्यात `Add empty tunnel` निवडलं की किल्ल्यांची जोडी तिथल्या तिथं तयार होते. खासगी किल्ली लॅपटॉप सोडून कुठं जात नाही, सार्वजनिक तेवढी राउटरच्या यादीत चढवायची. माझ्या लॅपटॉपवरची फाइल अशी आहे. किल्ल्या झाकल्या आहेत आणि बाहेरचा पत्ता बदलला आहे.

```
[Interface]
PrivateKey = ********
Address = 10.77.0.2/32

[Peer]
PublicKey = ********
Endpoint = 203.0.113.25:51820
AllowedIPs = 10.77.0.0/24, 192.168.77.0/24
PersistentKeepalive = 25
```

यातली `AllowedIPs` ची ओळ समजून घेण्यासारखी आहे. या दोन जाळ्यांकडे जाणारंच काय ते बोगद्यातून जाईल, बाकी माझं घरचं इंटरनेट जसं आहे तसं. तिथं `0.0.0.0/0` लिहिलं तर घरात मुलगी बघते तो व्हिडिओसुद्धा, लॅपटॉपवर असेल तर, ऑफिसची वाट धरून येईल. ज्याला सार्वजनिक वायफायवर बसायचं आहे त्याला ते हवं असेल, मला नको होतं.

रात्री घरी बोगदा चालू केला. `Latest handshake` पुढे काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली, म्हणजे किल्ल्या जुळल्या. ही ओळ आलीच नाही तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नसतो, घोळ किल्लीत किंवा बाहेरच्या पत्त्यात असतो. ब्राउझरमध्ये 192.168.77.1 टाकलं, ऑफिसच्या राउटरचं पान उघडलं. म्हणजे रस्ताही बरोबर. फोल्डर मात्र नाही. पॉवरशेलमध्ये विचारलं:

```
Test-NetConnection 192.168.77.10 -Port 445
```

`TcpTestSucceeded : False`. राउटरपर्यंत जातोय, फोल्डरच्या कॉम्प्युटरपाशी अडतोय. भाच्याला फोन केला तर तो हसायला लागला. "मामा, तुमची ती `Scope` वाली जागा आठवते का?" विंडोज नव्यानं टाकल्यावर तिथं परत `Local subnet` आलेलं होतं, आणि मी येत होतो 10.77.0.2 या पत्त्यावरून, जो त्या कॉम्प्युटरच्या लेखी परकाच. जूनमध्ये जिथं मी सगळ्या जगाला आत या म्हटलं होतं, त्याच रकान्यात दुसऱ्या दिवशी `These IP addresses` खाली `Local subnet` च्या जोडीला फक्त 10.77.0.2 आणि 10.77.0.3 एवढे दोन पत्ते लिहिले. दुसरा ताईंचा. रात्री परत विचारलं, `True` आलं. एक्सप्लोररमध्ये `\\192.168.77.10\Clients` टाकलं आणि फोल्डर उघडलं. नुसतं कॉम्प्युटरचं नाव टाकून उघडत नाही, कारण ऑफिसात ते नाव एकमेकांना हाका मारून सापडतं आणि त्या हाका बोगद्यापलीकडे जात नाहीत. आकडे लिहिलेली चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवून ठेवली आहे.

मग उलटी तपासणी. बोगदा बंद केला आणि ऑफिसच्या बाहेरच्या पत्त्यावर 445 विचारला. `False`. या नकाराला किंमत आहे, कारण याच घरच्या कनेक्शनवरून जून-जुलैमध्ये तोच पोर्ट उघडत होता. पुष्कळ इंटरनेट कंपन्या 445 मधल्या मध्येच अडवतात. अशा कनेक्शनवरून पाहिलं तर पोर्ट सताड उघडा असला तरी `False` च येतं आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून भाच्यानं राउटरवरही पाहायला लावलं: पोर्ट फॉरवर्डिंगचं पान रिकामं, आणि यूपीएनपी बंद. यूपीएनपी चालू असेल तर आतलं एखादं यंत्र आपणहून राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतं. आमच्या जुन्या राउटरवर कॅमेऱ्याच्या डीव्हीआरनं तसे दोन उघडून घेतलेले होते, मला पत्ताही नव्हता.

पुढच्या आठवड्यात एक वेगळाच खेळ झाला. ताई घरून काम करत होत्या आणि मीही. माझं फोल्डर दर दोन मिनिटांनी गोठायचं, मग सुरू व्हायचं. त्यांचंही तसंच, पण माझं सुरू असताना त्यांचं बंद. विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी फाइल बनवायची राहिली होती ना सर, म्हणून तुमचीच कॉपी करून टाकली." एक किल्ली दोन लॅपटॉपवर. राउटर एका किल्लीचा एकच ठिकाणा लक्षात ठेवतो. शेवटचं पाकीट जिकडून आलं तिकडे उत्तर पाठवतो. त्यामुळे आम्ही दोघं एकच दोर ओढत होतो. त्यांची वेगळी जोडी बनवली आणि माझीही नवी केली, कारण माझी खासगी किल्ली आता व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आली होती.

सगळंच ऑफिससारखं चालतं असं मात्र नाही. पीडीएफ, एक्सेल ठीक उघडतं. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच फोल्डरमध्ये आहे, आणि घरून तो उघडायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा करून, पिऊन झाला तरी कंपनीची यादी आली नव्हती. अशी सॉफ्टवेअरं फाइलमधून बारीक बारीक तुकडे हजारो वेळा मागतात, आणि प्रत्येक मागणीला मनीषनगर ते धरमपेठ जाऊन यावं लागतं. इंटरनेटचा वेग वाढवून यात फारसं काही होत नाही. मध्येच बोगदा तुटला तर डेटा बिघडायची भीती वेगळी. त्यासाठी आता मी बोगदा जोडून ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरचा पडदाच रिमोट डेस्कटॉपनं घरी आणतो. काम तिथंच होतं, इकडे नुसतं चित्र येतं. त्याचा 3389 हा पोर्टही बाहेर उघडलेला नाही, तोही बोगद्याच्या आतच.

ओळखीचे एक वकील सिव्हिल लाइन्समध्ये बसतात, त्यांना हेच करून हवं होतं. त्यांच्या राउटरवर बाहेरचा पत्ता 100.72 नं सुरू होणारा निघाला. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपनी आपल्या आत अनेक ग्राहकांना वाटते, त्यांच्यापर्यंत बाहेरून पोचताच येत नाही. त्यांना आधी कंपनीकडे स्टॅटिक आयपीचा अर्ज करायला सांगितला आहे.

आणि घरचा लॅपटॉप बोगद्यातून जोडला की तो ऑफिसातलाच होतो, त्याला लागलेली कीड सरळ `Clients` पर्यंत येऊ शकते. म्हणून माझ्या आणि ताईंच्या लॅपटॉपवर मुलांना खेळायला मनाई आहे, आणि दर शनिवारी फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात जाते. कपाट पहिल्या मजल्यावर हलवलं आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडचा एक शिकाऊ मुलगा परीक्षेसाठी सोडून गेला. मुदतीच्या दिवसांत त्यालाही घरून काम करता यावं म्हणून 10.77.0.4 दिलेला होता. त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी राउटरच्या यादीतली त्याची ओळ पुसली, विंडोजच्या त्या `Scope` मधला पत्ता काढला आणि त्याचं खातं बंद केलं. तो समोरच बसून पेढे वाटत होता.